गिरणीची मोटर अँपिअर जास्त घेते, मीटर मात्र तेवढं पळत नाही: कपॅसिटर लावण्याआधी काय तपासायचं

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्याकडे एकाच तक्रारीचे फोन येतात. "दादा, भाजणीची गर्दी आहे आणि एमसीबी सारखा पडतोय." मी मोटर रिवाइंडिंग आणि वायरिंगची कामं करतो. आमच्या भागातल्या बहुतेक गिरण्या सिंगल फेजवर चालणाऱ्या, दोन किंवा तीन हॉर्सपॉवरच्या. दरवेळी तेच तपासतो आणि तेच समजावतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. पंपाच्या मोटरलाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

लक्षणं अशी असतात:

- दोन हॉर्सपॉवरची मोटर क्लॅम्प मीटरवर 12 ते 14 अँपिअर दाखवते. त्याच घरातला 2000 वॅटचा गिझर साडेआठच्या आसपासच घेतो, आणि मीटरचा दिवा दोघांना जवळजवळ सारख्याच वेगाने लुकलुकतो.
- सुरू करताना एमसीबी टिकतो, पण अर्धा-पाऊण तास दळण झालं की पडतो. गार झाला की पुन्हा चालतो.
- मीटरपासून शेडपर्यंतची वायर हाताला कोमट लागते, आणि जिथे तिचं वेटोळं करून ठेवलंय तिथे चक्क गरम.
- 3 केव्हीएचा जनरेटर आणलाय, मोटर तर दीड किलोवॅटची, तरी जनरेटर कण्हतो.
- कुणीतरी "बिल निम्मं होईल" म्हणून एक प्लगमध्ये खोचायचा डबा विकलाय आणि बिल आहे तेवढंच येतंय.

यातलं एकच लक्षण असेल तर कारण वेगळंही असू शकतं. पहिली दोन एकत्र दिसली की मी पॉवर फॅक्टरकडे वळतो.

आधी हिशोब समजून घ्या

मोटर लाइनकडून दोन गोष्टी घेते. एक, जात्याचा दगड फिरवायला लागणारी ऊर्जा. ती पिठात, उष्णतेत आणि आवाजात जाते, परत येत नाही. हिला खरी किंवा सक्रिय शक्ती म्हणायचं, ती वॅटमध्ये मोजतात. दुसरी, मोटरच्या आत चुंबकक्षेत्र उभं करायला लागणारी ऊर्जा. ही उसनवारी आहे. 50 हर्ट्झच्या लाइनवर मोटर सेकंदाला शंभर वेळा ही ऊर्जा उसनी घेते आणि शंभर वेळा परत करते. महिनाअखेर खात्यावर शिल्लक शून्य, पण देवघेव सतत चालू. तिला प्रतिघाती शक्ती म्हणतात, एकक वार.

घरगुती मीटर खर्च मोजतो, उसनवारी मोजत नाही. वायरला मात्र हा भेद कळत नाही. खर्चाचा करंट आणि उसनवारीचा करंट दोन्ही तिच्यातूनच जातात आणि दोन्ही तिला तापवतात. व्होल्टला अँपिअरने गुणलं की जे येतं ती भासमान शक्ती, व्होल्ट-अँपिअरमध्ये. जनरेटरवर केव्हीए लिहिलेलं असतं ते म्हणूनच. त्याच्या वाइंडिंगला सगळा करंट सोसावा लागतो, त्यातला कामाचा किती हे त्याला माहीत नसतं.

वॅट आणि वार यांची सरळ बेरीज होत नाही, ते एकमेकांशी काटकोनात असतात. दोघांचे वर्ग करून बेरीज केली आणि वर्गमूळ काढलं की व्होल्ट-अँपिअर मिळतात. वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर म्हणजे पॉवर फॅक्टर. गिझरचा एक, कारण तो उसनं काही घेत नाही. गिरणीच्या जुन्या सिंगल फेज मोटरचा मला बहुतेक वेळा 0.65 ते 0.75 सापडतो.

कपॅसिटर काय करतो? तोही उसनवारीच करतो, पण उलट्या वेळेला. मोटर ऊर्जा मागते त्या क्षणी कपॅसिटर परत देत असतो. दोघं शेजारी बसवले की देवघेव त्यांच्या आपसात होते आणि तेवढी मीटरपर्यंतची फेरी वाचते. मोटर स्वतः पहिल्याइतकंच घेत राहते. हे वाक्य लक्षात ठेवा, ओव्हरलोड रिलेच्या वेळी लागेल.

पहिली तपासणी: लाइट बिल वाचा

खर्च शून्य. तुमची आकारणी कशावर होते ते बघा. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांना आणि 20 किलोवॅटच्या वरच्या लघुदाब ग्राहकांना केव्हीएएच म्हणजे भासमान ऊर्जेवर बिल येतं. त्यांच्यासाठी पॉवर फॅक्टर म्हणजे रोख पैसा. घरगुती किंवा छोट्या सिंगल फेज जोडणीला बिल साध्या युनिटवर, म्हणजे किलोवॅट-तासावर येतं.

तेव्हा तक्रार फक्त "बिल जास्त येतं" एवढीच असेल आणि जोडणी छोटी असेल, तर इथेच थांबा. कपॅसिटरने ते बिल निम्मं होणार नाही, पाव हिश्श्यानेही कमी होणार नाही. असा एक विकतचा डबा मी उघडून पाहिलाय. आत 5 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि हिरवा दिवा. 230 व्होल्टला 5 मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे 83 वार. गिरणीची उसनवारी दोन हजार वारच्या घरात असते. आणि तो डबा मीटरशेजारच्या प्लगमध्ये लावलेला, म्हणजे पुढच्या वायरला त्याचा काडीचा उपयोग नाही. दिवा मात्र छान लागतो.

दुसरी: स्क्रू आणि वेटोळं

मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, एमसीबीचे, स्टार्टरचे आणि मोटरच्या पेटीतले स्क्रू आवळा. ढिला स्क्रू स्वतः तापतो, ती उष्णता एमसीबीच्या आतल्या पट्टीला जाते आणि करंट मर्यादेत असतानाही एमसीबी पडतो. स्क्रूजवळचं इन्सुलेशन तपकिरी झालं असेल तर तेवढं टोक कापून नवं टोक करा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्या वायरचं वेटोळं बोर्डामागे टांगलेलं असेल तर सोडून सरळ करा किंवा जादा वायर कापा. सरळ वायरची उष्णता हवेत जाते. वेटोळ्यात ती एकमेकींनाच शेकत बसते.

तिसरी: मोटरची "टक" ऐका

गिरणीच्या मोटरवर आधीच एक-दोन कपॅसिटर असतात, आणि लोक त्यांनाच पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर समजतात. ते वेगळे. स्टार्टिंग कपॅसिटर हा काळ्या प्लास्टिकच्या डब्यातला, फक्त मोटर उचलताना एक-दोन सेकंदांसाठी असतो. वेग आला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच त्याला बाजूला करतो, तेव्हा "टक" असा आवाज येतो. मोटर बंद केल्यावर वेग उतरतानाही एकदा "टक" यायला हवा. तो येत नसेल तर स्विच चिकटलाय, स्टार्टिंग वाइंडिंग लाइनवरच राहिलंय, आणि अँपिअर 20 च्या वर जातात. अशा मोटरला बाहेरून कपॅसिटर लावणं म्हणजे ताप असताना पावडर लावणं. ताबडतोब बंद करा, मोटर उघडावी लागेल.

ज्या मोटरला रनिंग कपॅसिटर आहे तिचा तो मेला की मोटर घुमते, तापते, ताकद कमी होते आणि अँपिअर वाढतात. हा कपॅसिटर बदलणं स्वस्त आहे. त्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्या. नवा टाकल्यावर अँपिअर खाली आले तर काम झालं.

चौथी: क्लॅम्प मीटर आणि मीटरचा दिवा

आता मोजणी. वॅटमीटर लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर `imp/kWh` असा आकडा छापलेला असतो. बऱ्याच सिंगल फेज मीटरवर तो 3200 असतो, पण तुमचा वाचूनच घ्या. म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट.

ज्या गिरणीचे आकडे देतोय तिथे मीटर पुढच्या भिंतीवर आणि शेड मागच्या आवारात होती. मध्ये 60 मीटर अंतर, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. त्याच एमसीबीवर शेडमधला पंखा, ट्यूब आणि चाळणीची छोटी मोटर, मिळून अडीच अँपिअर. एमसीबी 16 अँपिअरचा. गिरणीवाल्या काकूंना सांगितलं, "बाकी सगळं बंद करा, गिरणीत गहू नेहमीसारखा चालू ठेवा." पंखा चालू राहिला तर मीटर त्याचेही ठोके मोजतो.

मीटरशेजारी व्होल्ट 220 आले. क्लॅम्प मीटर फक्त फेजच्या एका वायरवर लावून 13 अँपिअर. दोन्ही वायर एकत्र पकडल्या तर शून्य येतं, त्यात मीटर बिघडलेलं नसतं. मग फोनवर दिव्याचा व्हिडिओ काढला आणि हळू चालवून ठोके मोजले: 25 सेकंदांत 45.

```
P  = 3600 × 45 / (3200 × 25) = 2.025 kW
S  = 220 × 13 = 2860 VA
PF = 2025 / 2860 = 0.71
Q  = √(2860² − 2025²) ≈ 2020 var
```

वॅट आणि वार जवळजवळ सारखेच. अर्धी वाहतूक उसनवारीची.

या मोजणीचा खरा फायदा असा, की दोष कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं. अँपिअर जास्त आणि ठोकेही वेगाने पडत असतील तर मोटर खरंच जास्त काम करतेय: दगड जास्त आवळलेत, पट्टा ताठ आहे, बेअरिंग जड आहे किंवा धान्य ओलं आहे. तिथे कपॅसिटर नको, ग्रीस आणि पाना हवा. अँपिअर जास्त पण ठोके शांत असतील तर ती उसनवारी आणि पुढे वाचा.

एक अपवाद. एलईडी दिवे, संगणक, इन्व्हर्टर अशा उपकरणांचाही पॉवर फॅक्टर कमी दिसतो, पण तिथे करंटचा आकारच वेडावाकडा झालेला असतो. वरच्या रीतीने काढलेली वार तिथे मोटरसारखी नसते आणि कपॅसिटरने ती भरून निघत नाही. उलट कपॅसिटर तापतो. हा लेख मोटरपुरताच धरा.

पाचवी: मोटर रिकामी चालवून बघा

पट्टा उतरवून मोटर नुसती फिरवली तेव्हा साडेआठ अँपिअर घेत होती. काकूंचा मुलगा म्हणाला, "काही काम नाही तरी एवढे?" चुंबकक्षेत्राला काम असो-नसो तेवढंच लागतं. म्हणूनच गरजेपेक्षा मोठी मोटर बसवली की पॉवर फॅक्टर पडतो. वार तेवढीच राहते आणि वॅट कमी होतात.

हा आकडा जपून ठेवा, कारण तो कपॅसिटरची वरची मर्यादा ठरवतो. कपॅसिटरचा करंट या रिकाम्या करंटच्या 90 टक्क्यांच्या आतच ठेवायचा. त्याहून मोठा असेल तर स्विच बंद केल्यावर फिरत असलेली मोटर त्या कपॅसिटरच्या जोरावर स्वतःच जनरेटर बनू शकते. मेन बंद, आणि टर्मिनलवर मात्र व्होल्टेज. पट्टा काढायला हात घालणाऱ्याला हे माहीत नसतं.

कपॅसिटरचा आकार

पॉवर फॅक्टर 0.9 पर्यंत आणायचा ठरवला. 0.9 ला वार ही वॅटच्या 0.484 पट असते. मोटरपाशी व्होल्ट 212 होते, कारण 8 व्होल्ट वायर खात होती, म्हणून हिशोब 212 ने.

```
उरलेली चालेल : 2025 × 0.484 ≈ 980 var
कपॅसिटरने द्यायची : 2020 − 980 = 1040 var
C = 1040 / (2π × 50 × 212²) ≈ 74 µF
```

बाजारात 36 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट एसीचे, मोटर रनिंगचे, पत्र्याच्या डब्यातले कपॅसिटर सहज मिळतात. दोन समांतर जोडले की 72. तो घेतला. त्याचा करंट साधारण 4.8 अँपिअर. रिकाम्या साडेआठच्या 90 टक्के म्हणजे साडेसात, त्याच्या बराच आत.

"पूर्ण एक करून टाका ना," असं लोक म्हणतात. पहिल्या 72 मायक्रोफॅरडने करंट 13 वरून 10 वर आला. आणखी 72 टाकले असते तर 10 वरून 9 च्या थोडा खाली. पैसे तेवढेच, फायदा निम्म्याहून कमी, आणि वरची 90 टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते ते वेगळंच.

इथे सगळ्यात जास्त घडणारी चूक: दुकानात "मोटरचा कपॅसिटर द्या" म्हटलं की स्टार्टिंगचा काळा डबा हातात पडतो. त्याच्यावर मायक्रोफॅरड भरपूर, किंमत कमी. तो लाइनवर कायमचा जोडला तर काही मिनिटांतच फुगतो आणि फुटतो. "दर दोन महिन्यांनी कपॅसिटर उडतो" असं सांगणाऱ्यांकडे मी आधी डब्यावरचं लेबल वाचतो. 250 व्होल्टचा रनिंग कपॅसिटर लावलेलाही सापडतो. रात्री लोड कमी झाला की लाइन 250 च्या वर जाते आणि तो हळूहळू मरतो. 440 चाच घ्या.

कुठे जोडायचा

मोटरजवळ. मीटरजवळ लावलात तर मोटर आणि कपॅसिटर यांची देवघेव त्या 60 मीटर वायरमधूनच चालेल आणि वायर तेवढीच तापेल.

आणि मोटरच्या स्विचच्या पुढे, म्हणजे मोटर बंद झाली की कपॅसिटरही लाइनवरून सुटला पाहिजे. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असेल तर कपॅसिटर कॉन्टॅक्टर आणि रिले यांच्या मध्ये जोडा. रिलेच्या पुढे, मोटरच्या टोकांवर जोडलात तर रिलेला 10 अँपिअर दिसतील आणि मोटर आत 13 च घेत असेल. रिले 13.5 वर ठेवलेला असला तर मोटर जळेपर्यंत तो गप्प बसेल. मी रिवाइंडिंगला आलेल्या दोन मोटरींच्या बाबतीत हेच पाहिलंय, दोन्ही वेळा "कपॅसिटर लावल्यापासून मोटर जळते" अशी तक्रार होती.

प्रत्येक कपॅसिटरच्या टोकांवर 220 किलोओहम, 2 वॅटचा रेझिस्टर लावा. बंद केल्यावर कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टपर्यंत भार राहू शकतो. या रेझिस्टरने तो पंधरा सेकंदांत 50 व्होल्टच्या खाली येतो. तरीही हात लावण्याआधी मीटरने मोजाच, रेझिस्टरचं एक टोक तुटलेलं असू शकतं. कपॅसिटरला स्वतंत्र 10 अँपिअरचा एमसीबी द्या. सगळं झाकण असलेल्या पत्र्याच्या पेटीत, अर्थिंग करून. गिरणीत पीठ उडतं, ते उघड्या टर्मिनलवर बसता कामा नये.

झालं काय, आणि काय झालं नाही

जोडल्यावर मीटरपाशी 10 अँपिअर. पंखा आणि चाळणी धरून साधारण साडेबारा. आधी हीच बेरीज साडेपंधरापर्यंत जायची, उन्हात तापलेल्या पेटीतल्या 16 च्या एमसीबीला ती झेपत नव्हती. त्या दिवाळीत एमसीबी पडला नाही.

मोटरपाशी व्होल्ट मात्र 212 चे 212 च राहिले. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं जोडणीत चूक झाली. चूक नव्हती. बारीक वायरला रोध असतो, प्रतिघात जवळजवळ नसतो, आणि अशा वायरमध्ये व्होल्ट पडतात ते मुख्यतः खर्चाच्या करंटमुळे. तो तर तेवढाच राहिला. तुमचं दुखणं "शेडमध्ये व्होल्टेज कमी" हे असेल तर औषध जाड वायर आहे. इथे 2.5 ऐवजी 6 ची वायर घातली असती तर 8 व्होल्टचे साडेतीन झाले असते.

बिलाचं काय? या वायरचा जाऊन-येऊन रोध साधारण 0.89 ओहम. 13 अँपिअरला ती 150 वॅट जाळायची, 10 ला 89. वाचले 61 वॅट. ही खरी बचत आहे, कारण ही वायर मीटरच्या पुढची, तिची उष्णता बिलात येते. रोज चार तास दळण धरलं तर महिन्याला सात युनिट. काकूंना मी आधीच हा आकडा सांगितला होता, म्हणून नंतर बोलणी खावी लागली नाहीत. ठोके 25 सेकंदांत 45 होते, आता 45 ना पावणेसव्वीस सेकंद लागतात. डोळ्यांनी फरक कळणार नाही.

जनरेटरचं थोडं सांभाळून. चालू दळणात त्याला आराम पडतो, पण मोटर उचलताना लागणारा पाच-सहा पट करंट कपॅसिटरने कमी होत नाही. आणि मोटर बंद असताना एकटा कपॅसिटर छोट्या जनरेटरवर राहिला तर त्याचं व्होल्टेज वर चढतं आणि बाकीचे दिवे जातात. स्विचच्या पुढे जोडलेला असेल तर ही वेळ येत नाही. चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर मात्र हा कपॅसिटर अजिबात ठेवू नका. चौकोनाच्या खड्या कडांना तो प्रचंड करंट ओढतो आणि दोघांपैकी एक जातो.

दर सहा महिन्यांनी कपॅसिटरच्या एकट्या वायरवर क्लॅम्प लावा. नवा असताना 4.8 होते. 4 च्या खाली आले की बदला. या कपॅसिटरची फिल्म आतून ठिकठिकाणी स्वतःला दुरुस्त करत जगते आणि प्रत्येक दुरुस्तीत थोडी झिजते. त्यामुळे तो बहुतेक एकदम मरत नाही, हळूहळू लहान होत जातो.

इथे हात काढून घ्या

क्लॅम्प मीटर लावणं, ठोके मोजणं, बिल वाचणं हे कुणीही करावं. मेन बंद करून स्क्रू आवळणं जमत असेल त्याने करावं. कपॅसिटर जोडण्याचं काम परवाना असलेल्या तारतंत्रीकडून किंवा विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या.

खालच्या कुठल्याही गोष्टीत स्वतः पुढे जाऊ नका:

- मीटरचं सील, मीटरच्या अलीकडची वायर किंवा कटआऊट तापत असेल. ते वीज कंपनीचं काम आहे, तक्रार नोंदवा.
- कपॅसिटर फुगलाय, तेल गळतंय किंवा आत भार आहे की नाही याची खात्री नाही. पेचकस टेकवून ठिणगी पाडणं ही डिस्चार्जची रीत नव्हे.
- मोटरच्या बॉडीला टेस्टर लागतो, किंवा आरसीसीबी पडतो. हा इन्सुलेशनचा दोष आहे, पॉवर फॅक्टरचा नाही.
- "टक" येत नाही, किंवा जळका वास येतो. मोटर वर्कशॉपला न्या.
- थ्री फेज जोडणी असेल, किंवा बिल केव्हीएएचवर येत असेल. तिथे कपॅसिटरची बँक, कॉन्टॅक्टर आणि पॅनल लागतं. तिथला हिशोब मोजणीच्या नोंदी घेऊन करावा लागतो, दिव्याचे ठोके मोजून नाही.

बोलावलेला माणूस काहीही न मोजता "चला, कपॅसिटर टाकून देतो" म्हणाला, तर त्याला तुमचे चार आकडे दाखवा: व्होल्ट, चालू दळणाचे अँपिअर, रिकाम्या मोटरचे अँपिअर आणि 25 सेकंदांचे ठोके. ते बघून तो मायक्रोफॅरड काढायला लागला तर काम त्याला द्या.